नॅव्हमेश: जिना जुळला, तिरकं दार बंदच. मदत हवी आहे

इंदूरच्या जुन्या वाड्यावर बेतलेली लेव्हल आहे, मेश Recast नं बनवतोय. पायरी 0.25 मी., दार 0.9 मी., एजंटची त्रिज्या 0.4 मी., चढ 0.3 मी.

जिना तुटत होता, कारण `ch` 0.2 असताना चढ खाली पूर्णांकित होऊन एकच व्हॉक्सेल उरतो. `ch` 0.05 केल्यावर जुळला. दारात उलटं: त्रिज्या वर पूर्णांकित होते. `cs` 0.3 ला दोन घरं, म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून 1.2 मी. कापलं जातं आणि दार बुजतं. `cs` 0.1 वर सरळ दारं उघडली. 30 अंशांत तिरकं असलेलं एक मात्र बंदच, कारण चौकटीचा नुसता स्पर्श झालेलं घरही अडलेलं धरलं जातं.

`rcMarkConvexPolyArea` नं कापलेला भाग परत येत नाही, ते बाद. त्रिज्या कमी केली की खांदे चौकटीत घुसतात. दार रुंद करता येणार नाही, आणि सगळीकडे `cs` 0.05 मोबाइलला परवडत नाही.

फक्त त्या टाइलला `cs` 0.05 दिला, तर शेजारच्या 0.1 च्या टाइलशी कडा नीट जुळतात का? की दारात दुहेरी ऑफ-मेश कनेक्शनच टाकावं? तसं केल्यास समोरासमोर आलेले एजंट अडकतात का?