प्रोफाइलवर 'कमी ऐकू येतं' लिहावं का? तुमचे अनुभव सांगा

अबोली_७९: काल भाचीचा सीव्ही बघत होते, तिने ऐकण्याबद्दलची ओळ खोडलेली दिसली आणि मला माझा 2017चा फोन राउंड आठवला. दोन्ही कानांत साधारण 65 डेसिबल लॉस, मशीन लावून समोरासमोर छान जमतं पण फोनवर ओठ दिसत नाहीत ना. एचआरने विचारलं नोटीस पिरियड फिफ्टीन डेज का, मला फिफ्टी ऐकू आलं, मी म्हटलं इतके नाही, कमी आहेत. तीनदा तेच झालं. मेल आला, कम्युनिकेशन वीक. खूप रडले होते. नंतर लिंक्डइनच्या अबाउटमध्ये शेवटी एकच ओळ टाकली, की मी हिअरिंग एड वापरते, फोनऐवजी व्हिडिओ कॉल किंवा मेल करा. टक्के, कारण काही नाही. कॉल्स कमी झाले हे खरं, पण जे आले ते मीटवर कॅप्शन लावून आले आणि त्यातूनच आत्ताची नोकरी लागली. भाचीला काय सांगू?

खारीबटर: दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड असेल तर लिहावंच लागतं, दिव्यांग हक्कांचा कायदा आहे 2016चा

सह्याद्रीवारा: @खारीबटर कायदा बरोबर पण सक्ती नाही हो. सरकारी भरतीत 4 टक्के आरक्षण हवं असेल तर फॉर्मवर सांगावंच लागतं, प्रोफाइलवर सांगायचं बंधन नाही. कलम 21प्रमाणे कंपनीनेच समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. मी भरती बघतो, आधी ते धोरण साइटवर शोधा. त्यात मुलाखतीत कुठली सोय देतात ते धड लिहिलेलं असेल तर अर्जातच सांगा, काही नसेल तर मुलाखत ठरल्याच्या मेलमध्ये. हेडलाइनमध्ये नको, तिथे तीन सेकंदात कामाचं कौशल्य दिसलं पाहिजे.

मीनलची_आई: कुकर लावलाय पटकन लिहिते. माझी गॅप टीबीमुळे, 14 महिने. तेही लिहायचं का?

सह्याद्रीवारा: ताई तुमचं वेगळं, बरा झालेला आजार आहे, आता कामात सोय लागत नाही. 'आरोग्याच्या कारणाने ब्रेक, आता पूर्ण बरी' बास.

देवगडकर: मला फिट्स येतात. प्रोफाइलवर नाही लिहिलं, रुजू झाल्यावर शेजारच्या दोघांना सांगितलं, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, 5 मिनिटांवर गेलं तर अँब्युलन्स. एकदा खरंच उपयोग झाला. पण नाइट शिफ्ट नको हे आधी सांगायला हवं होतं, झोप मोडली की माझं वाढतं.

खारीबटर: ओके, मला फॉर्म आणि प्रोफाइल एकच वाटलेलं. टॅक्स सूट घेतली तर ऑफिसला कळतंच ना?

सह्याद्रीवारा: जुन्या रेजीममध्ये असाल तर थेट रिटर्नमध्ये घ्या, ऑफिसला कागद द्यायची गरज नाही.

अबोली_७९: भाचीने वाचलं सगळं. ती म्हणते ओळ टाकली की कॉलच येत नाहीत, तिने दोन महिने बघितलंय. यावर माझ्याकडे उत्तर नाही. @देवगडकर काळजी घे रे.

मीनलची_आई: अबोली, पावसात मशीन कशात ठेवतेस? सासूबाईंचं सारखं बंद पडतं

अबोली_७९: रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवून सिलिका जेलच्या डबीत. जेलचा रंग बदलला की नवीन घ्या.