मदत हवी आहे: जुनं आरएक्स 5700 एक्सटी ग्राफिक्स कार्ड घ्यावं का?

नमस्कार मंडळी, खारघरला एक जण 8 जीबीचं आरएक्स 5700 एक्सटी अकरा हजारांत देतोय. माझ्या 1080पी मॉनिटरला त्याची ताकद पुरेल, पण त्यात रे ट्रेसिंगचं हार्डवेअरच नाही. ‘डूम: द डार्क एजेस’सारख्या गेमला ते लागतंच, सेटिंग कितीही खाली आणलं तरी. ऐरोलीत त्याच पैशात आरटीएक्स 2060 मिळतंय. त्यात रे ट्रेसिंग आहे, मेमरी मात्र 6 जीबी, आणि या गेमची किमान अट 8 जीबीची. मग 2060 सुपरसाठी थांबू का?

रविवारी खारघरचं कार्ड बघून येणार आहे. लोडवर हॉटस्पॉट 110 अंशांना टेकला की ते वेग कमी करतं. पंधरा मिनिटं फरमार्क चालवून हे कळेल, की विक्रेत्याकडे एखादा गेमच चालवून बघू?