ऑपरेशनच्या आदल्या रात्री जोडीदाराला काय मेसेज केलात? अनुभव सांगा

अबोली: नवऱ्याचं गुरुवारी पित्ताशयाचं ऑपरेशन आहे, दुर्बिणीतून. बोलत नाही पण रात्रभर कूस बदलत असतो. मेसेज लिहायला घेतला की "घाबरू नकोस, सगळं छान होईल" एवढंच सुचतं, आणि त्यावर तो "मी कुठे घाबरलोय" म्हणून विषयच बंद करतो. तुम्ही काय लिहिलंत?

रानवारा: मी ओटीत भूल देणाऱ्या टीममध्ये आहे, बरीच वर्षं. "घाबरू नकोस" म्हटलं की पेशंट भीती लपवायला लागतो, मग भूलतज्ज्ञ तपासायला येतात तेव्हाही काही विचारत नाही. त्यापेक्षा पुढे काय होणार ते लिही. जाग येईल तेव्हा घसा खवखवेल, तो नळीमुळे, आणि खांदा दुखू शकतो, तो पोटात भरलेल्या गॅसमुळे, हे आधी माहीत असलं की माणूस दचकत नाही. "तासाभरात भेटू" मात्र लिहू नकोस, भूल द्यायला आणि नंतर रिकव्हरीत वेळ जातोच. आणि रात्रीच पाठव, सकाळी मोबाईल काढून घेतात.

चाफा: रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नाही, हे पण लिही गं.

रानवारा: जेवणाचं ठीक आहे चाफा, पण साधं पाणी हल्ली बऱ्याच ठिकाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. त्याच्या डॉक्टरांनी दिलेली वेळच लिही, बीपी-शुगरच्या गोळ्यांचंही त्यांनाच विचार.

दिल्लीकर: आमचं ऑपरेशन नव्हतं, बायकोचा यूपीएससीचा इंटरव्ह्यू होता, धोलपूर हाऊसला. 275 मार्कांचा, घरचे सगळे "तू काढशीलच" म्हणत होते. मी लिहिलं, गेटबाहेर उभा असेन, बाहेर आलीस की आधी जेवू, काय विचारलं ते तू सांगशील तेव्हाच. ती म्हणाली तेवढा एकच मेसेज परत परत वाचला.

चाफा: मला तर माझ्या सीएच्या पेपरांना हे "तू काढशीलच" म्हणाले तेव्हा खूप धीर आला होता. ज्याचं त्याचं असतं.

पाटीलभाऊ: माझं पण पित्ताशय काढलंय मागच्या वर्षी, तेलकट कधीपासून खायचं कुणी सांगेल का?

रानवारा: पाटीलभाऊ, ते तुमच्या सर्जनना विचारा, इथे नको.

अबोली: हे लिहिलंय, बघा: "चष्मा नि मोबाईल माझ्याकडे दे. मी खालीच आहे, वेळेवर जेवणार आहे. आईंना फोन मी करते. जाग आल्यावर घसा आणि खांदा दुखेल, ते नॉर्मल आहे. मनात काही असेल तर डॉक्टरांना विचार, मी असेन सोबत. रिप्लाय नको, झोप." शेवटी आय लव्ह यू लिहू का? एरवी आम्ही म्हणत नाही.

चाफा: लिही की!

रानवारा: एरवी म्हणत नसाल तर अचानक वाचून त्याला वाटेल काहीतरी सीरियस आहे. रोज झोपताना जे म्हणता तेच लिही.

चाफा: मला नाही पटत, अशा वेळी नाही म्हणायचं तर कधी?