बँकेच्या अ‍ॅपमधून ग्राहक परत आला, म्हणजे पैसे आले का?

बाणेरचा_मयूर: इंग्लंडमधल्या एका ऑनलाइन दुकानाचं 'बँकेतून पैसे द्या' हे बटण आमच्या टीमकडे आहे. ग्राहक बटण दाबतो, त्याच्याच बँकेचं अ‍ॅप उघडतं, चेहरा दाखवून तो होकार देतो आणि पुन्हा दुकानाच्या पानावर येतो. माझं मत, तो परत आला की ऑर्डर पक्की करून मोकळं व्हावं. टीममधला एक जण अडून बसलाय की सर्व्हरला पक्का निरोप येईपर्यंत थांबायचं. ग्राहकाला ताटकळत ठेवणं मला पटत नाही. तुमचं काय मत?

सदाशिवपेठी: यात नवीन काय आहे? आपल्या यूपीआयसारखंच की. पिन टाकला की पैसे गेले. मग माणूस परत येवो, नाहीतर तिथूनच अमृततुल्यला चहा प्यायला जावो. परत येण्याला उगाच डोक्यावर बसवलंय तुम्ही.

वैशाली_हिंजवडी: काका, यूपीआयपुरतं बरोबर, पण इंग्लंडचा ओपन बँकिंगचा साचा वेगळा आहे. तिथे अ‍ॅपमधल्या होकारानं एक पेनीही हलत नाही. मधली पेमेंट कंपनी आधी बँकेकडे नुसती संमतीची नोंद करते, की अमुक खात्यात 48 पौंड. ग्राहक अ‍ॅपमध्ये त्या नोंदीला हो म्हणतो. मग बँक त्याला परत पाठवते, तेही थेट दुकानाकडे नाही, त्या कंपनीच्या पत्त्यावर, साधारण असं:

```
https://pay.example/parat?code=9f3k&state=ord-1182
```

कंपनी तो `code` बँकेला देऊन टोकन घेते आणि ते दाखवून "आता पैसे पाठवा" असा वेगळा आदेश देते. पैसे हलतात ते इथे.

आता समजा, ग्राहकानं बसस्टॉपवर होकार दिला, तेवढ्यात बस आली आणि फोन खिशात गेला. ब्राउझर उघडलाच नाही, तर `code` कुणाच्याच हाती लागत नाही. बँकेकडे संमती `Authorised` अशी पडून राहते, ती `Consumed` होत नाही. गिऱ्हाईक घरी सांगतं "पैसे भरले", आणि खात्यातून काहीच गेलेलं नसतं.

युरोपात बऱ्याच बँका बर्लिन ग्रुपचा साचा वापरतात. तिथे पैशांचा आदेशच आधी ठेवलेला असतो, होकार मिळाला की बँक तो पुढे नेते. म्हणजे तिथे काकांचं म्हणणं जवळपास लागू पडतं. मयूर, तू मात्र दोन्हीकडे चुकतोस. परत येणं म्हणजे फक्त एक पत्ता उघडणं, आणि असा पत्ता कुणीही हातानं टाइप करेल. शिवाय आदेश गेल्यावरही शंका आली तर बँक पैसे रोखू शकते.

नारायणपेठेची_सून: माझं ऐका आधी! मागच्या आठवड्यात 1,850 रुपये कापले गेले आणि साडीची ऑर्डर दिसतच नाही. दुकानदार म्हणतो बँकेला विचारा, बँक म्हणते दुकानदाराला. हेच ना ते?

सदाशिवपेठी: ताई, ते वेगळं. यूपीआयनं भरले असतील आणि दुकानाकडे पोचल्याची खात्री झाली नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार व्यवहारानंतर 5 दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाई. तक्रार लेखी करा, फोनवर नको.

डिझाइनवाली: वैशालीताई, तांत्रिक बाजू मान्य. पण पांढऱ्या पानावर गोल फिरणारं चक्र बघत कोण बसतं? दहा सेकंदांत माणूस मागे जातो आणि पुन्हा पैसे भरतो. मी तर लगेच "ऑर्डर मिळाली, पैशांची खात्री होतेय" असं दाखवीन. माल मात्र निरोप आल्यावरच हलवायचा.

आणि खरी डोकेदुखी निराळीच आहे. गिऱ्हाईक सोशल मीडियाच्या अ‍ॅपमधल्या ब्राउझरमधून खरेदी करतं आणि बँक त्याला फोनच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये परत पाठवते. तिथे त्याची कुकी नसते, टोपली रिकामी! पैसे भरून रिकामी टोपली पाहिलेल्या माणसाचा फोन कधी घेतलायत?

बाणेरचा_मयूर: घेतलाय 😅 मग `state` मधल्या क्रमांकावरून ऑर्डर शोधायची, कुकी बघायचीच नाही. सुटलं.

वैशाली_हिंजवडी: इतकं सोपं असतं तर! ज्या ब्राउझरनं सुरुवात केली तोच परत आलाय का, हे ताडून बघण्यासाठीच तर `state` असतं, आणि त्यात सहज ओळखता येणारा क्रमांक घालायचा नसतो. वर मी समजायला सोपं म्हणून घातला. ताडून बघणं सोडलंस तर दुसऱ्याचा दुवा उघडणाऱ्याला त्याची ऑर्डर दिसेल. मी अनोळखी ब्राउझरला फक्त "खात्री होतेय" एवढंच दाखवते. नाव नाही, पत्ता नाही.

डिझाइनवाली: म्हणजे खऱ्या गिऱ्हाइकालाही परक्यासारखं वागवायचं. मला नाही पटत.

वैशाली_हिंजवडी: नको पटू दे, ईमेल तर जातोच त्याला.

बाणेरचा_मयूर: आत्ता नोंदी चाळल्या. `Authorised` होऊन तशाच पडून राहिलेल्या संमत्या वाटल्या त्यापेक्षा बऱ्याच आहेत. टीममधल्या त्या गड्याला उद्या मिसळ माझ्याकडून. पण परक्या ब्राउझरच्या बाबतीत मी अजून डिझाइनवालीच्या बाजूनं.