मदत हवी आहे: एका क्लायंटचे पगारपत्रक दुसऱ्या क्लायंटला गेले, माफीचे पत्र कसे लिहावे?

हिशेबवही (सकाळी ७.५०)

नमस्कार. मी पुण्यातील एका सीए फर्ममध्ये सहा वर्षे क्लायंट कंपन्यांच्या पगाराचे काम पाहते. काल संध्याकाळी ६.४० वाजता माझ्या हातून गंभीर चूक झाली. एका कंपनीचे जून महिन्याचे पगारपत्रक मला तिच्या लेखा विभागाला पाठवायचे होते, परंतु आमच्या दोन क्लायंटचे ईमेल पत्ते ‘अकाउंट्स’ याच शब्दाने सुरू होतात आणि पहिली तीन अक्षरे लिहिताच आउटलुकने सुचवलेला पत्ता मी न तपासता स्वीकारला. फाइल एक्सेलची होती आणि तिला पासवर्ड नव्हता. तिच्यात ४६ कर्मचाऱ्यांची नावे, पॅन, बँक खाते क्रमांक आणि हातात पडणारा पगार अशी सर्व माहिती आहे. साडेसात वाजता योग्य क्लायंटने ‘पत्रक अजून आले नाही’ असा फोन केला, तेव्हा हे लक्षात आले. मी त्यांना मूळ फाइल पाठवली, पण घडलेला प्रकार सांगितला नाही.

खरी काळजी अशी की फाइल ज्यांना गेली ती कंपनी त्याच एमआयडीसीत, त्याच प्रकारचे सुटे भाग बनवते. यापुढे ज्यांचे पगारपत्रक आहे त्यांना पहिली कंपनी आणि ज्यांच्याकडे फाइल गेली त्यांना दुसरी कंपनी म्हणते.

आमच्या सरांचे म्हणणे आहे की दुसऱ्या कंपनीला मेल डिलीट करायला सांगावे आणि त्यांनी केला की विषय तिथेच संपवावा. मला ते पटत नाही, म्हणून पहिल्या कंपनीसाठी मी हा मसुदा केला आहे:

“काल काही तांत्रिक कारणामुळे आमच्याकडून एक ईमेल अन्यत्र पाठवला गेला. संबंधितांना तो डिलीट करण्यास सांगितले असून आपल्या माहितीला कोणताही धोका नाही. झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.”

हे पुरेसे आहे का? आणि दुसऱ्या कंपनीला काय लिहावे?

नेटकर (सकाळी ८.१५)

आउटलुकमध्ये पाठवलेला मेल परत बोलावण्याची सोय असते, ती आधी वापरून पाहा. शिवाय नव्या डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे कळवण्यासाठी ७२ तास मिळतात, तेव्हा घाईने पत्र लिहिण्याची गरज नाही.

जुने खाते (सकाळी ८.४०)

नेटकर यांचे दोन्ही मुद्दे अर्धेच बरोबर आहेत आणि इथे अर्ध्यानेच नुकसान होईल, म्हणून सविस्तर लिहितो. मी तेवीस वर्षे याच व्यवसायात आहे.

मेल परत बोलावण्याची सोय दोन्ही पत्ते एकाच संस्थेच्या मेल व्यवस्थेत असतील तरच उपयोगी पडते. बाहेरच्या कंपनीत मूळ मेल जागेवरच राहतो आणि वर ‘हा मेल परत घ्यायचा आहे’ अशी सूचना पोहोचू शकते, ज्यामुळे ज्याने तो पाहिलाही नव्हता तो आधी उघडतो. जीमेलमध्ये पाठवणे रद्द करता येते, पण जास्तीत जास्त तीस सेकंदांत.

७२ तासांचे म्हणाल तर ती मुदत डेटा संरक्षण मंडळाला सविस्तर माहिती देण्याची आहे. २०२३ च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांतील ही तरतूद लागू होण्यासाठी त्यानंतर अठरा महिन्यांचा अवधी ठेवला आहे. त्याहून महत्त्वाचे असे की ही जबाबदारी जिचे कर्मचारी आहेत त्या कंपनीवर येते; आपण तिच्या वतीने काम करणारे. याचा अर्थ असा की आपण गप्प बसलो तर जिने कर्मचाऱ्यांना उत्तर द्यायचे तिलाच आपण अंधारात ठेवतो. तुमच्या करारपत्रात चूक कळवण्याची मुदत लिहिलेली आहे का, तेही आजच पाहा. तुमच्या सरांना नम्रपणे आठवण करून द्या की क्लायंटच्या संमतीविना त्याची माहिती दुसऱ्याला देणे हे सनदी लेखापाल कायदा, १९४९ च्या दुसऱ्या अनुसूचीत गैरवर्तन म्हणून नोंदलेले आहे. अनवधानाने झालेली चूक त्यात किती मोजली जाईल हा वेगळा प्रश्न, पण ती लपवली तर बचावाला जागा उरत नाही.

आता क्रम. आधी दुसऱ्या कंपनीला फोन करा, मेल नंतर. त्यांचे लेखापाल नऊ वाजता संगणक सुरू करण्यापूर्वी त्यांच्यापर्यंत पोहोचता आले तर बहुधा फाइल न उघडताच प्रश्न मिटेल. फोनवर पहिल्या कंपनीचे नाव घेऊ नका, ‘काल ६.४० चा माझा मेल तुमच्यासाठी नव्हता, कृपया उघडू नका’ एवढेच सांगा. मग नवा मेल लिहा. जुना मेल फॉरवर्ड करू नका, कारण फॉरवर्डबरोबर अटॅचमेंट पुन्हा जाते. धमकीची भाषा मुळीच नको, कारण त्यांनी काहीही चूक केलेली नाही. मी असे लिहीन:

“काल सायंकाळी ६.४० वाजता मी आपल्या पत्त्यावर पाठवलेला ईमेल आणि त्यासोबतची एक्सेल फाइल दुसऱ्या क्लायंटसाठी होती. पत्ता निवडताना माझी चूक झाली, त्याबद्दल आपली क्षमा मागते. कृपया ती फाइल उघडू नये व कोणाला पाठवू नये, आणि इनबॉक्स, डिलीटेड आयटम्स, संगणकातील डाउनलोड्स तसेच हा मेल ज्या ज्या मोबाइलवर येतो तिथून ती काढून टाकावी. हा पत्ता आपल्याकडे किती जण वापरतात, फाइल कोणी उघडली अथवा पुढे पाठवली का, आणि ती केव्हा काढली, हे आज दुपारी बारापर्यंत उत्तरात कळवावे, ही विनंती. आपल्या सर्व्हरच्या बॅकअपमध्ये प्रत राहणार असल्यास तसेही नमूद करावे.”

‘अकाउंट्स’सारखा पत्ता सहसा एकाच माणसाचा नसतो, म्हणून किती जण हा प्रश्न विचारायचा. बॅकअपचे यासाठी की मोठ्या व्यवस्थांत डिलीट केलेला मेलही काही दिवस परत आणता येतो; जीमेलच्या ट्रॅशमध्येच तो तीस दिवस राहतो.

तुमच्या मसुद्याविषयी स्पष्ट लिहितो, रागावू नका. ‘तांत्रिक कारण’ हे खरे नाही. पत्ता तुम्ही निवडला. ‘कोणताही धोका नाही’ हे आज तुम्हाला ठाऊक असणे शक्य नाही. खाते क्रमांक आणि पॅन एकत्र जाणे वाईटच, परंतु इथे मोठी हानी वेगळी आहे: शेजारच्या कारखान्याला यांच्या कुशल कामगाराला नेमका किती पगार मिळतो ते कळले, तर तो माणूस फोडायला किती रक्कम पुढे करावी हेही कळते. कंपनीचे मालक तुमचे पत्र त्याच नजरेने वाचतील. आणि ‘गैरसोय’ हा शब्द काढा. वीज गेली तर गैरसोय होते.

मीरा नाशिककर (सकाळी ९.०५)

मी विमा प्रतिनिधी आहे आणि मागच्या वर्षी एका ग्राहकाची वैद्यकीय कागदपत्रे त्याच आडनावाच्या दुसऱ्या ग्राहकाला व्हॉट्सअॅपवर गेली होती. पाच मिनिटांत सर्वांसाठी डिलीट केले आणि निश्चिंत झाले. तीन आठवड्यांनी त्या गृहस्थांच्या मुलानेच सांगितले की फाइल आपोआप फोनमध्ये उतरली होती आणि तिथेच आहे. ते मनाने अगदी सरळ होते, पण ‘केले डिलीट’ एवढ्या उत्तरावर मी विसंबले ही माझी चूक. ताई, तुमची नोकरी जाईल अशी भीती बाळगू नका.

हिशेबवही (सकाळी ९.५०)

मीराताई, नोकरीची चिंता या क्षणी नाही, पण फोनवर उतरलेल्या फाइलची सूचना फार उपयोगी पडली.

जुने खाते साहेब, ८.५५ ला फोन लागला. लेखापालांनी मेल उघडलेला नव्हता. मात्र तोच पत्ता त्यांच्या दोन सहकाऱ्यांच्या मोबाइलवरही आहे आणि त्यांतील एकाने रात्री फाइल उघडली होती. आपल्या शब्दांत मेल पाठवला आहे.

पहिल्या कंपनीसाठी नवा मसुदा असा केला आहे:

“काल सायंकाळी ६.४० वाजता आपल्या कंपनीचे जून महिन्याचे पगारपत्रक मी पत्ता न तपासता आमच्या दुसऱ्या एका क्लायंटला पाठवले. त्यात आपल्या ४६ कर्मचाऱ्यांची नावे, पॅन, बँक खाते क्रमांक व निव्वळ पगार होता आणि फाइलला पासवर्ड नव्हता. ही चूक सर्वस्वी माझी आहे. साडेसात वाजता आपला फोन आला तेव्हाच ती माझ्या लक्षात आली होती आणि मी तेव्हाच सांगायला हवे होते. त्याबद्दलही मी क्षमा मागते. आज सकाळी ८.५५ वाजता त्यांच्याशी बोलणे झाले. तिथे एका व्यक्तीने फाइल उघडल्याचे त्यांनी सांगितले आहे. ती सर्व ठिकाणांहून काढल्याची लेखी खात्री दुपारी बारापर्यंत मागितली आहे. ती येताच, अथवा न आल्यास तसेही, मी आपणास कळवीन. कर्मचाऱ्यांना याबाबत कसे सांगावे हे आपण ठरवाल, त्यासाठी लागणारी माहिती मी आजच देईन. यापुढे पगारपत्रक ईमेलने न पाठवता आपल्या दोन ठरलेल्या व्यक्तींनाच उघडता येईल अशा लिंकने देऊ, म्हणजे चूक झाली तरी ती लिंक बंद करता येईल.”

एक प्रश्न उरतो. दुसरी कंपनी कोण, हे ते विचारणारच. नाव सांगावे का?

नेटकर (सकाळी १०.१०)

मोबाइलचे मला सुचले नसते. नाव सांगायलाच हवे, कारण ज्यांची माहिती गेली त्यांना ती कोणाकडे गेली हे कळण्याचा हक्क आहे.

जुने खाते (सकाळी १०.३०)

मसुदा चांगला आहे. साडेसातच्या फोनचा उल्लेख ठेवलात ते योग्यच केले, कारण तो त्यांना नंतर आठवला असताच. पत्राआधी फोन करा आणि पत्रावर सरांचीही सही घ्या. एक सुधारणा: फाइलमध्ये लपवलेली शीट होती का ते तपासा. अनेकदा मागच्या महिन्यांचे पत्रक तसेच दडलेले असते, आणि मग ‘जून महिन्याचे’ हे विधान चुकीचे ठरते.

नावाबाबत मी नेटकरांशी सहमत नाही. दुसरी कंपनीही तुमची क्लायंट आहे आणि ती तुमची क्लायंट आहे ही गोष्टही तिच्या संमतीविना सांगण्यासारखी नाही. आधी त्यांना विचारा.

एक वकील (सकाळी १०.५५)

संमती मागावी हे ठीक, पण त्यांनी नकार दिला तर? त्या स्थितीत पहिल्या कंपनीला प्रतिस्पर्धी कोण हे न कळता स्वतःचे संरक्षण करायचे आहे. माझ्या मते निदान ‘त्याच उद्योगातील, त्याच परिसरातील कंपनी’ एवढे पत्रात यायलाच हवे, नाहीतर हानीचा अंदाजच त्यांना येणार नाही.

जुने खाते (सकाळी ११.१५)

छोट्या एमआयडीसीत एवढे सांगणे म्हणजे नाव सांगण्यासारखेच आहे. तरीही उद्योग तोच आहे हे लपवू नये, याच्याशी सहमत. परिसराविषयी माझे मत अजून पक्के होत नाही.

हिशेबवही (दुपारी १२.४०)

दुसऱ्या कंपनीचे उत्तर ११.५० ला आले. तिन्ही ठिकाणांहून फाइल काढली असून ती पुढे कोणाला पाठवलेली नाही आणि मेल सेवेच्या बॅकअपवर त्यांचे नियंत्रण नाही, असे त्यांनी लिहिले आहे. नाव सांगण्याबाबत त्यांचे संचालक संध्याकाळी कळवणार आहेत.

फाइलमध्ये लपवलेली शीट होती. एप्रिल आणि मेचे पत्रक त्यात होते. त्याप्रमाणे पत्र बदलले आणि ‘आपल्याच उद्योगातील एका क्लायंटला’ हे शब्द घातले. सरांनी थोडा वेळ घेऊन सही केली. आता पहिल्या कंपनीच्या मालकांना फोन लावत आहे.