हलगर्जीपणा, हयगय की कसूर? आणि ‘रीझनेबल’ला काय म्हणावे?

मृण्मयी:
वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यांवरील एका लेखाचा मी अनुवाद करत आहे आणि एका वाक्यापाशी दोन दिवस अडले आहे. १९५७ सालच्या ‘बोलम’ खटल्यात इंग्लंडच्या न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितले, की त्या विद्येत निपुण असलेल्या डॉक्टरांच्या जबाबदार ‘बॉडी’ने योग्य मानलेल्या पद्धतीप्रमाणे जो डॉक्टर वागला, तो दोषी ठरत नाही. याच कसोटीच्या संदर्भात ‘रीझनेबल’ हे विशेषणही वारंवार येते. मी ‘वाजवी’ लिहिले, तर संपादकांनी समासात ‘भाजीचा दर?’ असा शेरा मारला. ‘नेग्लिजन्स’साठी वर्तमानपत्रे सर्रास ‘हलगर्जीपणा’ लिहितात, पण तोही मला खटकतो. जाणकारांनी मत द्यावे.

शब्दवेल्हाळ:
‘वाजवी’ मुळात अरबी ‘वाजिब’वरून आला आहे आणि त्याचा अर्थ योग्य, रास्त, करणे प्राप्त असलेले असा होतो. दराशी त्याची सोयरीक नंतरची आहे, तेव्हा संपादकांना घाबरू नये. ‘बॉडी’साठी मात्र सरळ ‘बहुसंख्य डॉक्टर’ लिहावे, कारण बहुतेक डॉक्टर जे करतात तेच प्रमाण, असाच त्या वाक्याचा आशय आहे.

जुना वकील:
व्युत्पत्ती बरोबर आहे, पण ‘बहुसंख्य’ लिहिलेत तर कसोटीच उलटी होईल. खटल्यात काय घडले ते पाहू या. नैराश्याने आजारी असलेल्या बोलम यांना १९५४ साली विजेचे झटके देण्याचा उपचार केला गेला. स्नायू शिथिल करणारे औषध त्यांना दिले नव्हते आणि झटका बसताना अंग घट्ट धरूनही ठेवले नव्हते. हनुवटीला आधार होता आणि पलंगाच्या दोन्ही बाजूंना परिचारक उभे होते. आचके इतके जोरदार आले, की मांडीच्या हाडांची डोकी खुब्याच्या खोबणीतून आत घुसली आणि ओटीपोटाची हाडे दोन्ही बाजूंनी मोडली. साक्षीत असे निघाले, की काही डॉक्टर ते औषध नेहमी देत, तर काही ते टाळत, कारण हाड मोडण्याचा धोका फार लहान आणि औषधाचा धोका मात्र जिवावरचा, असे त्यांचे मत होते. अंग धरून ठेवण्याबद्दलही दुमत होते. धरल्यानेच हाडे मोडण्याची शक्यता वाढते, असे म्हणणारेही होते. ज्यूरीने रुग्णालयाच्या बाजूने कौल दिला. कोणत्या पक्षात जास्त डोकी आहेत हे मोजायचेच नव्हते. उलट मत असणारा दुसरा वर्ग आहे एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाही, असे न्यायाधीशांनी स्पष्ट केले होते. थोडक्यात, अल्पमतही चालते, फक्त ते जबाबदार हवे.

भूलतज्ज्ञ:
औषध टाळणारे डॉक्टर आज आपल्याला निष्ठुर वाटतात, म्हणून एक खुलासा करतो. हे औषध दिले की हातपायांबरोबर श्वासाचे स्नायूही थांबतात, आणि त्याचा अंमल उतरेपर्यंत रुग्णाचा प्रत्येक श्वास तोंडावर मास्क धरून, पिशवी दाबून आपल्याला द्यावा लागतो. ते कौशल्य आणि साधने हाताशी नसतील तर हाड वाचवताना माणूस जाऊ शकतो. आज भूल आणि शिथिलीकरणाशिवाय कोणी हा उपचार केला तर मी त्याच्या बाजूने साक्ष देणार नाही. पण १९५४ सालचा डॉक्टर १९५४ च्या ज्ञानानेच जोखावा लागेल. तुमच्या शब्दात हा काळाचा संदर्भ मावतो का, तेही पाहा.

दीपा:
माझ्याच वाट्याला आलेली गोष्ट सांगते. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर माझा आवाज घोगरा झाला तो झालाच. असे होऊ शकते हे आधी कोणी सांगितले नव्हते. आता त्यांच्यासारखे दहा डॉक्टर ‘आम्हीही सांगत नाही’ म्हणाले तर ती हयगय ठरणारच नाही का? मग या शब्दांचा काथ्याकूट कशासाठी?

जुना वकील:
दीपाताई, आपला प्रश्न रास्त आहे, पण तो थोडा वेगळा आहे. आवाजाची नस दुखावणे हा त्या शस्त्रक्रियेचा माहीत असलेला धोका आहे; तो प्रत्यक्षात आला एवढ्यावरून शस्त्रक्रिया चुकली असे म्हणता येत नाही. धोका सांगितला की नाही, हा मात्र स्वतंत्र मुद्दा होतो. बोलम खटल्यात तोही याच कसोटीवर तोलला गेला होता. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ‘माँटगोमेरी’ निकालानंतर तसे राहिले नाही. मधुमेह असलेल्या त्या गरोदर स्त्रीच्या बाबतीत, प्रसूतीत बाळाचा खांदा अडकण्याची शक्यता नऊ-दहा टक्के असूनही तिला ते सांगितले गेले नव्हते. काय सांगायचे हे डॉक्टरांच्या प्रथेवर नव्हे, तर तिच्या जागी असलेल्या सुज्ञ व्यक्तीला, किंवा खुद्द तिला, काय महत्त्वाचे वाटेल यावर ठरते, असे न्यायालय म्हणाले. उपचार कसा केला याला व्यवसायाचे माप आणि काय सांगितले याला रुग्णाचे माप, अशी आता तिथे विभागणी आहे.

मृण्मयी:
म्हणजे ‘हलगर्जीपणा’ मला का खटकत होता ते आता लक्षात येते. त्या शब्दात माणसाची वृत्ती दिसते: लक्ष नसलेला, बेफिकीर. पण मनापासून झटणारा डॉक्टरही कालबाह्य पद्धत वापरून दोषी ठरू शकतो आणि एखादा बेफिकीर डॉक्टर केवळ सवयीने योग्य तेच करून सुटू शकतो. इथे मन तपासले जात नाही, कृती तपासली जाते.

जुना वकील:
अगदी. म्हणून मी ‘हयगय’ किंवा ‘कर्तव्यात कसूर’ लिहीन. बोलम खटल्याच्याच न्यायाधीशांनी दिलेला एक दाखला मला आवडतो: ‘माझा भुलीवर आणि जंतुनाशकांवर विश्वास नाही, मी अठराव्या शतकातल्याप्रमाणेच शस्त्रक्रिया करणार’, असा हट्ट डॉक्टरला धरता येणार नाही. तो डॉक्टर कितीही तळमळीचा असला तरी.

शब्दवेल्हाळ:
माझी चूक मान्य. तरीही शंका उरते. चार मित्रांनी येऊन ‘आम्हीही असेच करतो’ म्हटले की झाले का? मग ‘जबाबदार’ हे विशेषण नुसते शोभेचे ठरते.

जुना वकील:
ही टीका जुनीच आहे. १९९७ च्या ‘बोलिथो’ निकालाने तिला काहीसे उत्तर दिले. श्वासाचा त्रास असलेल्या दोन वर्षांच्या मुलाला पाहायला डॉक्टर आल्याच नाहीत. आल्या असत्या तर श्वासनलिकेत नळी घालायला हवी होती का, यावर तज्ज्ञांत दुमत होते. मुलाची बाजू हरली. पण तज्ज्ञांचे मत तर्काच्या कसोटीवर टिकले पाहिजे, त्यांनी धोके आणि फायदे खरोखर तोललेले असले पाहिजेत, असे न्यायालयाने बजावले. मात्र मत तर्कहीन म्हणून फेटाळण्याची वेळ क्वचितच यावी, असेही त्याच निकालात आहे. तुमची शंका पूर्ण फिटली असे मी म्हणणार नाही.

मृण्मयी:
मग माझा मसुदा असा: ‘त्या शाखेतील जाणकारांच्या एखाद्या जबाबदार वर्गाने त्या काळी योग्य मानलेली पद्धत’. ‘स्टँडर्ड ऑफ केअर’साठी ‘काळजीचा दर्जा’ सोडून ‘दक्षतेचे प्रमाण’ घेते, कारण ‘प्रमाण’ शब्दात माप आणि आधार दोन्ही येतात. ‘रीझनेबल’ला या ठिकाणी ‘सुज्ञ’.

भूलतज्ज्ञ:
‘सुज्ञ’ ठीक आहे. ‘वर्ग’ वाचून मात्र मला शाळेचा फळा दिसतो, आणि ‘गट’ म्हटले की भांडण. ‘मंडळ’ लिहावे तर नोंदणी क्रमांक विचारतील.

शब्दवेल्हाळ:
‘काहीजण’?

जुना वकील:
फार विरळ होते. साक्षीच्या पिंजऱ्यात ‘काहीजण’ उभे राहत नाहीत.