झुळूक रोमनमध्ये कसं लिहायचं? Zuluk, Jhuluk की Zulook?

सुतीधागा: आमच्या सुती कपड्यांच्या छोट्या व्यवसायाचं नाव झुळूक. नाव ठेवताना रोमनचा विचारच केला नाही आणि आता चार ठिकाणी चार स्पेलिंगं झालीत. पाटीवर मराठीच्या खाली Zuluk आहे कारण पेंटरने विचारलं आणि मी उभ्या उभ्या सांगून टाकलं, इन्स्टावर ते मिळालं नाही म्हणून zulook.kapde घेतलं, जीएसटीचा फॉर्म ज्यांनी भरला त्यांनी ट्रेड नेम JHULUK टाकलं म्हणून बिलावर तेच येतं, आणि क्यूआर स्कॅन केला की Jhulook दिसतं कारण बँकेतल्या खात्यावर तसंय. मागच्या आठवड्यात एका ताईंनी बिलावरचं नाव बघून सर्च केलं तर आम्ही सापडलोच नाही. मराठीच्या हिशेबाने बरोबर स्पेलिंग कुठलं?

उकारप्रेमी: झुळूकच बरोबर, झुळुक नाही. शेवटचं अक्षर अकारान्त असलं की त्याच्या आधीचा उकार दीर्घ. प्रत्यय लागला की मात्र तो ऱ्हस्व होतो, झुळुकीने, झुळुकीचा. तुम्ही पोस्टमध्ये काय लिहिता, झुळूकचे कपडे की झुळुकीचे?

सुतीधागा: झुळूकचे लिहिते, पण दादा माझा प्रश्न रोमनचा आहे, देवनागरी पक्कं आहे.

नियमाने_लिहा: मग त्यात चर्चा कसली, झ म्हणजे jh. सरकारी नकाशांवर गावांची नावं ज्या हंटेरियन पद्धतीने लिहितात तिच्यात तसंच आहे. Jhuluk बरोबर, बाकी तिन्ही चूक.

पाटी_ते_पावती: पद्धतीपुरतं बरोबर आहे तुमचं, पण मराठी माणूस टाइप करताना ती पद्धत बघत नाही. आपल्याकडे झ चे उच्चार दोन आहेत, माझा म्हणताना एक आणि माझी म्हणताना दुसरा. झुळूकमधला झ हा माझामधला, म्हणून आपला हात आपोआप z कडे जातो, झुणकासुद्धा आपण Zunka च लिहितो. हिंदीत वाढलेला माणूस हेच नाव ऐकून jh लिहील. ळ ला तर साध्या रोमनमध्ये अक्षरच नाही, तो l मध्येच जाणार, त्यामुळे कुठलंही स्पेलिंग घेतलं तरी अनोळखी माणूस झुलूक वाचणार हे आधीच धरून चाला. म्हणजे ताई, बरोबर कुठलं यापेक्षा लोक ऐकून काय टाइप करतात आणि तिथे आधीच कोण बसलंय, हे दोन प्रश्न विचारायला हवेत. पहिल्यासाठी एक करा, ज्यांना तुमचं स्पेलिंग माहीत नाही अशा दहाबारा जणांना फोनवर नुसतं नाव सांगा आणि रोमनमध्ये लिहून पाठवायला सांगा. व्हॉट्सअॅपवर नाव लिहून विचारू नका, तोंडीच सांगा.

सुतीधागा: केलं काल. बारा जणांत सहा Zuluk, तीन Jhuluk, दोन Zulook, एक Zhuluk. म्हणजे Zuluk फायनल ना?

पाटी_ते_पावती: आता दुसरा प्रश्न. Zuluk सर्च करून बघा, सिक्कीममधलं गाव येईल. जुन्या रेशीममार्गावरचं आहे, वळणावळणाच्या घाटासाठी प्रसिद्ध, त्यामुळे हॉटेलं, टूर, व्हिडिओ असा ढीग आहे. त्यात नुसत्या Zuluk वर एका छोट्या कपड्यांच्या साइटने वर येणं फार अवघड. Zulook ला वेगळीच अडचण, नवीन शब्द दिसला की सर्च इंजिन त्याला टायपिंगची चूक समजून जवळच्या माहितीच्या शब्दाचे रिझल्ट दाखवू शकतं, म्हणजे परत घाटातच. आणि त्यात इंग्रजी look लपलाय, कपड्यांचा धंदा म्हटल्यावर लोक झु-लुक असं तोडून वाचतील.

सुतीधागा: अय्या, खरंच गावच आलं सगळीकडे 😟 मग सहा जणांचं काय करायचं?

पाटी_ते_पावती: माझं मत Jhuluk. बारात तीन म्हणजे कमीच आहेत, पण जीएसटीला आणि बिलावर तेच आहे, म्हणजे बदलायला सगळ्यात किचकट जागा आधीच जुळलेल्या आहेत. पाटीची एक ओळ पुन्हा रंगवणं आणि इन्स्टाचं हँडल बदलणं त्यामानाने सोपं. Zuluk वाल्यांना मागच्या दाराने आत घ्या. zuluk किंवा zulook ला कपडे जोडून डोमेन मिळालं तर घेऊन ठेवा आणि कायमच्या ३०१ रिडायरेक्टने मुख्य साइटवर वळवा. जुनं इन्स्टा हँडल बदललं की ते दुसरा कोणीही उचलू शकतो, म्हणून लगेच एक रिकामं अकाउंट काढून त्यावर ते पकडून ठेवा आणि बायोमध्ये नवीन नाव द्या. साइटच्या होमपेजवर वेबसाइटच्या स्कीमामध्ये एवढं टाका

```
"name": "Jhuluk",
"alternateName": ["झुळूक", "Zuluk", "Zulook"]
```

आणि आमच्याबद्दल या पानावर एका वाक्यात सरळ सांगा की काही जण Zuluk असंही लिहितात. पण गूगलच्या बिझनेस प्रोफाइलच्या नावात ही सगळी स्पेलिंगं कोंबू नका, तिथे पाटीवर जे आहे तेच नाव हवं असा त्यांचा नियम आहे, जास्तीचे शब्द घातले तर प्रोफाइल सस्पेंडही होऊ शकतं.

हिशेबाची_वही: मला बिलाचं सांगायचंय. माझ्या बिलावर एक स्पेलिंग आणि बँक खात्यावर दुसरं होतं, तर एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या अकाउंट्सवाल्यांनी पेमेंट महिनाभर अडवलं, म्हणाले ही पार्टी वेगळी दिसतेय. त्यांचं टॅक्स क्रेडिट जाईल म्हणून मीच घाबरलो होतो.

पाटी_ते_पावती: क्रेडिट जीएसटीआयएन आणि बिल नंबरवर जुळतं, ट्रेड नेमच्या स्पेलिंगवर नाही. अडतं ते त्यांच्याकडच्या पार्टीच्या यादीत, कारण तिथे नाव माणूस डोळ्याने जुळवतो. म्हणून ताई, बँकेतलं Jhulook आधी दुरुस्त करून घ्या, क्यूआरवर दिसणारं नाव तिथूनच येतं. जीएसटीचं सर्टिफिकेट Jhuluk दाखवतंय, ते घेऊन बँकेत अर्ज द्या.

नियमाने_लिहा: म्हणजे शेवटी माझंच स्पेलिंग 🙂 पण कारण वेगळं, हे मान्य.

गल्लीतला_पेंटर: पाटी पुन्हा रंगवताय तर एक सांगतो. महाराष्ट्रात मराठी देवनागरी आधी हवी आणि दुसऱ्या लिपीची अक्षरं तिच्यापेक्षा मोठी चालत नाहीत, २०२२ पासून दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही हे लागू झालंय. त्यामुळे रोमन ओळ खाली, बारीक. सगळी कॅपिटल नका घेऊ, JHULUK मध्ये J आणि H चिकटले की लांबून वेगळंच काहीतरी वाचलं जातं.

घाई_नको: थांबा, रंगवायच्या आधी ट्रेडमार्कच्या साइटवर पब्लिक सर्च करा, तिथे फोनेटिक पर्याय आहे, क्लास २५ घ्या, कपडे त्यात येतात. तुमच्या क्लासमध्ये उच्चाराने जवळचं नाव कोणाचं असेल तर z चं jh केल्याने सुटका होत नाही, कानाला सारखं लागलं तरी हरकत येऊ शकते.

सुतीधागा: केला आत्ता, त्या क्लासमध्ये जवळचं काही दिसलं नाही. उद्या बँकेत जाते. पण Zuluk लिहिणारे खरंच पोचतायत की नाही हे कळणार कसं?

पाटी_ते_पावती: सर्च कन्सोलमध्ये क्वेरींची यादी बघत जा, दोनतीन महिन्यांनी कुठल्या स्पेलिंगवर साइट दिसली आणि कुठल्यावर क्लिक झालं ते कळेल. फक्त जिथे तुमची साइट दिसलीच नाही त्या क्वेरी त्या यादीत येत नाहीत, म्हणून फोनवाली चाचणी पुन्हा नवीन लोकांवर करा.

दुपारची_चहा: मला अजून Jhuluk पटत नाहीये. मी मराठी, माझ्या हाताला ते वळणच नाही, मी तर Zuluk kapde असंच शोधणार, आणि कपडे जोडल्यावर गाव येणारच नाही ना. गिऱ्हाईक मराठीच असेल तर पाटीवर आहे तेच ठेवून बिल बदला की, जीएसटीचं ट्रेड नेम पोर्टलवर बदलता येतं.

सुतीधागा: हाही मुद्दा आहे, आमचं निम्मं गिऱ्हाईक मराठी आणि निम्मं बाहेरचं आहे. बाहेरच्या सहासात जणांना फोन करून बघते आणि मगच पेंटरना बोलावते.

उकारप्रेमी: आणि झुळुकीचे की झुळूकचे, ते राहिलंच.